लाल टॅगवरचं कारण

"साहेब, या शुभेच्छा कशाबद्दल? मी कुठे चाललोय का?"

मी वाळूजमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात होतो, तेव्हाची ही गोष्ट. मशीन शॉपमधला एक सीनियर क्वालिटी इन्स्पेक्टर पहिली पाळी संपवून माझ्या टेबलासमोर उभा होता. हातात आदल्या दिवशी मीच पाठवलेल्या मेलची छापील प्रत होती. त्यानं कंपनीतल्याच 'सप्लायर क्वालिटी इंजिनिअर' या जागेसाठी अर्ज केला होता, मुलाखत दिली होती आणि त्याची निवड झाली नव्हती. मेलमध्ये तीन वाक्यं होती. आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार. आपला बायोडेटा आम्ही नोंदीत ठेवू. आपल्या भावी वाटचालीस शुभेच्छा.

बाहेरच्या उमेदवाराला पाठवायचा मजकूर मी जसाच्या तसा आतल्या माणसाला पाठवला होता. त्याचा बायोडेटा 'नोंदीत ठेवण्याची' गरज नव्हती, त्याची फाईल माझ्या मागच्या कपाटात ११ वर्षं होती. आणि भावी वाटचाल म्हणाल, तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी सिडकोच्या थांब्यावरून कंपनीच्या बसनं पुन्हा आमच्याच गेटवर येणार होती.

मी ओशाळलो. त्याचा दुसरा प्रश्न आला तेव्हा तर बोलतीच बंद झाली. "बरं, शुभेच्छा राहू द्या. मी कशात कमी पडलो, तेवढं सांगा." मी मुलाखतीचा कागद काढला. तांत्रिक ज्ञान ६, संवाद ६, एकूण मत 'ठीक'. तीन परीक्षकांच्या सह्या. याच्यापुढे कागदावर काही नव्हतं. म्हणजे माझं पत्र पोकळ होतं, कारण त्यामागचा निर्णयच पोकळ कागदावर उभा होता.

आतल्या माणसाला द्यायच्या नकाराबद्दल हल्ली जे बोललं जातं, त्यात सगळा भर भाषेवर असतो. सूर मऊ ठेवा, आधी कौतुक करा, मग नकार द्या, शेवट आशेवर करा. माझं म्हणणं वेगळं आहे. नकाराचं पत्र चांगलं होतं की वाईट, हे ते लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. निवडीचे निकष आधी लिहिलेले असतील आणि मुलाखतीत काय दिसलं हे त्याच दिवशी नोंदवलेलं असेल, तर पत्र साधा माणूसही लिहू शकतो. ते नसेल तर कितीही गोड शब्द वापरा, 'भावी वाटचालीस शुभेच्छा' यापलीकडे गाडी जात नाही.

गंमत अशी, की ज्या कारखान्यात मी हे पत्र पाठवलं, तिथे 'रिजेक्शन' हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारला जायचा. एखादा नग नापास झाला की तो लाल बिनमध्ये जातो आणि त्याला लाल टॅग लागतो. टॅगवर पार्ट नंबर, ऑपरेशन, तारीख, पाळी आणि तपासणाऱ्याची सही असते, आणि सगळ्यांत महत्त्वाचा रकाना असतो दोषाचा. तिथे 'खराब' असं लिहिलेलं कुठलाही सुपरवायझर चालवून घेणार नाही. बोअर मोठा, किती मायक्रॉननं मोठा, ते लिहावं लागतं. ११ वर्षं असे टॅग भरणाऱ्या माणसाला आम्ही दोषाचा रकाना कोरा ठेवून परत पाठवलं होतं.

माणूस म्हणजे नग नव्हे, हे मला कळतं. पण टॅगमागची शिस्त इथे कामाची आहे. नग नापास ठरतो तो ड्रॉइंगच्या विरुद्ध, आणि ड्रॉइंग नग बनण्याआधी तयार असतं. मोजून झाल्यावर कुणी ड्रॉइंग काढत नाही. अंतर्गत निवडीत मात्र पुष्कळदा हेच होतं. उमेदवार भेटतो, आवडतो किंवा आवडत नाही, आणि मग आवडण्या-न आवडण्याला शोभेल असा निकष शोधला जातो. 'अजून थोडी परिपक्वता हवी', 'एक्स्पोजर कमी आहे', 'व्यक्तिमत्त्व त्या जागेला साजेसं नाही' ही सगळी नंतर काढलेली ड्रॉइंगं.

तो इन्स्पेक्टर परत गेल्यावर मी तिन्ही परीक्षकांना पुन्हा एकत्र बसवलं आणि विचारलं, की नेमकं काय पाहून तुम्ही नाही म्हणालात. पहिली वीस मिनिटं 'ओव्हरऑल' या शब्दाभोवतीच गेली. मग त्यांच्यातल्या एकाला मुलाखतीत दिलेला प्रश्न आठवला आणि चित्र स्पष्ट झालं. ते इथे सविस्तर सांगतो, कारण उपयोगी अभिप्राय म्हणजे काय हे त्याशिवाय कळणार नाही.

प्रश्न असा होता. एका पुरवठादाराकडून येणाऱ्या भागात २५ मिलिमीटरचा बोअर आहे. त्याला सूट फक्त वरच्या बाजूला, २१ मायक्रॉनची. म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ यांच्या मध्ये हवा. दर लॉटमध्ये चार-पाच नग त्याहून मोठे निघतात. तुम्ही काय कराल?

आमचा इन्स्पेक्टर लगेच बोलला. येणारा सगळा माल एअर गेजवर शंभर टक्के तपासू, खराब नग वेगळे काढू, पुरवठादाराला कळवू आणि त्याच्या ऑपरेटरला ताकीद द्यायला सांगू. उत्तर चुकीचं नव्हतं. वाहनउद्योगात तक्रारीवर काम करायची 'एट-डी' नावाची आठ पायऱ्यांची रीत आहे. तिची तिसरी पायरी हीच, म्हणजे आधी गळती थांबवा. पण नवी जागा चौथ्या पायरीची होती. दोष मुळात का येतो, हे शोधण्याची.

तिथे विचारायला हवा होता तो प्रश्न अगदी साधा आहे. हे मोठे बोअर नेमके केव्हा येतात? नग बनले त्या क्रमानं मापं मांडली असती, तर दिसलं असतं की मोठे नग लॉटभर विखुरलेले नाहीत. इन्सर्ट बदलल्यानंतरचे पहिले काही नगच मोठे आहेत. बोअरिंग करताना इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो. ऑपरेटर मशीनमध्ये ऑफसेट वाढवत त्याची भरपाई करतो. मग इन्सर्ट बदलला जातो, पण वाढवलेला ऑफसेट तसाच राहतो. नव्या धारेला जुन्या झिजेची भरपाई मिळाली, की बोअर मोठा होणारच. इलाज ताकीद देण्यात नाही. इन्सर्ट बदलला की ऑफसेट मूळ आकड्यावर आणणं आणि पहिला नग मोजून पास केल्याशिवाय पुढचं काम सुरू न करणं, हे त्या मशीनच्या कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलं जाणं, हा इलाज.

आता 'तांत्रिक ज्ञान ६' हा शेरा या शेजारी ठेवून पाहा. त्या माणसाचं तांत्रिक ज्ञान सहाचं नव्हतं. ऑफसेट म्हणजे काय, हे त्याला परीक्षकांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. ११ वर्षं त्याचं काम खराब नग बाहेर जाऊ न देण्याचं होतं, म्हणून त्याचं डोकं तपासणीपाशी थांबलं. ही सवय होती, उणीव नव्हती. आणि सवय बदलता येते, फक्त ती कुणीतरी दाखवून द्यावी लागते. 'सहा'नं ती दाखवली नाही, उलट लपवली.

मग आम्ही नव्यानं पत्र लिहिलं. ते असं होतं:

"नमस्कार. सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी या वेळी तुमची निवड झालेली नाही. काल प्रत्यक्ष भेटीत बोललो, तेच इथे लिहून देत आहे. या जागेसाठी तीन गोष्टी पाहिल्या: मोजमापाची जाण, तक्रारीच्या मुळापर्यंत जाणं, आणि पुरवठादाराकडे जाऊन एकट्यानं ऑडिट करणं. पहिलीत तुम्ही सगळ्या उमेदवारांत पुढे होतात. दुसरीत बोअरच्या प्रश्नावर तुम्ही माल अडवण्याची व्यवस्था नीट सांगितलीत, पण दोष केव्हा आणि का येतो या प्रश्नाकडे गेला नाहीत. निर्णयाचं मुख्य कारण हे आहे. ऑडिटचा अनुभव तुम्हाला नाही, पण तशी संधीच तुम्हाला मिळालेली नव्हती, म्हणून त्याचे गुण कापलेले नाहीत. तुमची तयारी असेल तर मशीन शॉपमधल्या पुढच्या दोन ग्राहक-तक्रारींचं एट-डी तुम्ही लिहावं आणि मी ते तुमच्याबरोबर बसून तपासावं, असं तुमच्या विभागप्रमुखांशी बोलून ठरवलं आहे. यामुळे पुढच्या वेळी निवड होईलच असं नाही. तेव्हा कोण अर्ज करेल, हे आज मला माहीत नाही. काही विचारायचं असेल तर गुरुवारी चारनंतर मी मोकळा आहे."

खाली सही माझी नव्हती. ज्याच्या हाताखाली ती जागा होती, त्या पुरवठादार-गुणवत्ता प्रमुखाची होती. कारण त्याचं होतं, तर सहीही त्याचीच हवी. मनुष्यबळ विभागाच्या सहीनं आलेला नकार म्हणजे दुसऱ्याच्या घरचा निरोप सांगणारा शेजारी. उलट विचारलं, की त्याला उत्तर देता येत नाही.

या पत्रात 'तुम्ही' आहे, 'आपण' नाही. आमच्याकडे ऑफिसचं पत्र म्हटलं की 'आपण' येतोच. पण शॉपफ्लोअरवर रोज 'तुम्ही' म्हणून बोलणारा माणूस नकार देताना अचानक 'आपणांस कळविण्यात येते की' म्हणाला, तर वाचणाऱ्याला त्यात आदर दिसत नाही, दार लावल्याचा आवाज ऐकू येतो. 'कळविण्यात येते'मध्ये कळवणारा कुणीच नसतो. निर्णय माणसानं घेतला असेल तर वाक्यात तो माणूस दिसायला हवा.

आणखी एक, पत्रात नकार दुसऱ्याच वाक्यात आहे. कौतुकाच्या दोन परिच्छेदांनंतर 'तथापि' येणार हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीपासून माहीत असतं, आणि ते 'तथापि' येईपर्यंत त्यानं कौतुकातलं काहीच वाचलेलं नसतं. निर्णय आधी कळला, की मग बाकीचं वाचायला मन मोकळं होतं.

यावर पहिला आक्षेप कायदा विभागाचा असतो. कारण लेखी दिलं की ते उद्या आपल्याविरुद्ध वापरलं जाईल, म्हणून काही लिहू नका. आक्षेप खोटा नाही. पण वाळूज ज्या शहराला लागून आहे, त्याच शहरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचंही आहे, आणि बढती नाकारलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाईली घेऊन फिरणारे वकील इथे काही कमी नाहीत. त्यांना विचारलं तर कळेल, की न सांगण्याची किंमतही मोजावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा देव दत्त खटला या बाबतीत बोलका आहे. देव दत्त हे सीमा रस्ते संघटनेतले कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंता होण्यासाठी पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांत 'अतिशय चांगला' हा शेरा लागत होता. १९९३-९४ या एका वर्षी त्यांना नुसता 'चांगला' मिळाला, बढती हुकली, आणि तो शेरा त्यांना कधी कळवलाच गेला नव्हता. सरकारचं म्हणणं, 'चांगला' हा काही वाईट शेरा नाही, कळवायचा कशाला? न्यायालय म्हणालं, ज्या शेऱ्यानं माणसाची वाट अडते तो शब्द दिसायला कितीही गोड असो, तो त्याला कळलाच पाहिजे. प्रत्येक शेरा कळवा, म्हणजे त्याला त्यावर दाद मागता येईल. २०१३ साली सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठानं हेच उचलून धरलं, आणि शेरा कळल्यानं माणूस अधिक चांगलं काम करू शकतो, हेही कारणांत मांडलं.

हे निकाल सरकारी नोकरीपुरते आहेत. खासगी कारखान्याला ते असे लागू होत नाहीत, आणि नापसंतीचं कारण द्यायला तिथे सहसा कायदा भाग पाडत नाही. पण त्यातलं 'चांगला' या शब्दाचं निदान सगळीकडे लागू पडतं. आमच्या कागदावरचा 'ठीक' हा तोच शब्द होता, वाईट न दिसता वाट अडवणारा. राहिला प्रश्न पुराव्याचा. जे कारण लिहायला आपण घाबरतो, ते बहुतेक वेळा लिहिण्यासारखं नसतं, कारण तो निकषच नसतो. 'बाई आहेत, पुरवठादारांकडे फिरणं त्यांना जमणार नाही' किंवा 'पंचेचाळिशी उलटली, आता काय शिकणार' असं कुणी लिहीत नाही. गुळगुळीत पत्राच्या आडोशाला असे निर्णय सुखानं नांदतात. कारण लिहावंच लागेल असा नियम असेल, तर ते टेबलावरच अडतात. माझ्या मते लेखी कारणाचा पहिला फायदा उमेदवाराला नाही, निवड करणाऱ्याला होतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दोष दाखवला की माणूस खचतो, मग कशाला दाखवायचा? हा निव्वळ भाबडेपणा नाही. क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरचे त्याआधीचे प्रयोग एकत्र तपासले. एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी सुधारली नव्हती, घसरली होती. त्यांनी काढलेला अर्थ असा, की अभिप्राय कामाकडून माणसाच्या स्वत्वाकडे सरकतो, तसा त्याचा उपयोग कमी होत जातो. आमच्या उदाहरणात हे लख्ख दिसतं. 'तुमच्यात विश्लेषक वृत्ती कमी आहे' हे वाक्य आणि 'बोअरच्या प्रश्नावर तुम्ही दोष केव्हा येतो हे विचारलं नाहीत' हे वाक्य एकाच गोष्टीबद्दल आहेत. पहिलं ऐकून माणूस घरी जाऊन स्वतःबद्दल विचार करत बसतो, दुसरं ऐकून ऑफसेटबद्दल. म्हणून अभिप्रायात विशेषणं शोधावीत आणि खोडावीत. जे पाहिलं, ज्या प्रश्नावर पाहिलं, तेवढंच ठेवावं. आणि एकच मुद्दा द्यावा. पाच दोष वाचले, की माणूस पाचांपैकी सगळ्यांत अन्यायाचा वाटेल त्याच्याशी भांडत बसतो.

इथे एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. प्रत्येक नकारामागे दोष असतोच असं नाही. दोन उमेदवार ड्रॉइंगप्रमाणे पास असतात आणि जागा एक असते. अशा वेळी दुसऱ्याला उगाच एखादा दोष शोधून देणं हा कोरं पत्र पाठवण्याइतकाच खोटेपणा. तिथे सरळ लिहावं, की तुम्ही या जागेला योग्य होतात. ज्यांना घेतलं त्यांनी हे काम आधी दोन वर्षं केलेलं आहे, म्हणून त्यांना घेतलं. यात सुधारण्यासारखं काही नाही, आणि नाही म्हणून सांगणं हाच अभिप्राय. आणि जागा आधीच कुणासाठी ठरलेली असेल, तर मुलाखतींचा देखावाच करू नये. त्या नकाराचं प्रामाणिक पत्र कुणालाच लिहिता येणार नाही.

आतल्या नकाराला आणखी एक वजन असतं. बाहेरचा उमेदवार नकार घेऊन निघून जातो. आतला दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जेवायला बसतो. अर्जावर त्याच्या साहेबाची सही असते, म्हणजे 'याला इथून जायचं होतं' हे साहेबाला माहीत असतं. बजाजनगरसारख्या वस्तीत तर निम्मी गल्ली एकाच औद्योगिक वसाहतीत कामाला. संध्याकाळी 'काय झालं रे इंटरव्ह्यूचं?' हा प्रश्न येतोच, आणि त्याला उत्तर द्यायला त्याच्याजवळ काहीतरी असावं लागतं. म्हणून निवड झालेल्याचं नाव फलकावर लागण्याआधी नकार मिळालेल्याला समोर बसवून सांगणं हा शिष्टाचाराचा नाही, क्रमाचा प्रश्न आहे. क्रम चुकला की पुढचं उत्तम पत्रही वाया जातं.

मालकांच्या बाजूनंही हिशेब मांडता येतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या हजारो अंतर्गत नकारांचा अभ्यास ड्लुगोस आणि केलर यांनी केला. अंतर्गत जागेसाठी नाकारलेल्यांची कंपनी सोडण्याची शक्यता, निवड झालेल्यांच्या किंवा अर्जच न केलेल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. पण ज्यांना त्या जागेच्या प्रमुखानं स्वतः मुलाखतीला बोलावलं होतं, त्यांच्यात ती शक्यता कागदावरच बाद झालेल्यांच्या निम्मी होती. नकार दोघांनाही मिळाला. आपल्याकडे नीट पाहिलं गेलं, हे मात्र एकालाच कळलं. टोयोटा किर्लोस्कर आणि एथर यांनी जवळच्या बिडकीनमध्ये कारखाने जाहीर केल्यापासून इथल्या अनुभवी माणसाला शहर न सोडता कंपनी सोडता येईल, अशी दारं उघडू लागली आहेत. तरी या आकड्यांचा अर्थ 'चांगलं पत्र लिहा म्हणजे माणूस थांबेल' असा काढू नये. मुख्य कारण लेखी मिळाल्यावर एखादा म्हणेल, मला मुळाशी जाण्याचं काम हवंय आणि ते इथे मिळणार नाही. तो गेला, तर पत्र फसलं असं मी मानणार नाही. त्यानं माहितीवर निर्णय घेतला.

त्यानंतर मुलाखतीच्या कागदात आम्ही एकच बदल केला. प्रत्येक निकषाच्या गुणांशेजारी एक ओळ मोकळी छापली: 'हे उमेदवाराला कसं सांगाल?' ती ओळ त्याच दिवशी, पुढचा उमेदवार आत येण्याआधी भरायची. चार दिवसांनी भरली तर तिथे पुन्हा 'ओव्हरऑल' उगवतं. परीक्षकांनी सुरुवातीला कुरकुर केली, वेळ जातो म्हणाले. पण एकदा टूल रूमच्या जागेच्या मुलाखतींत एका उमेदवाराचे गुण तिघांनीही कमी दिले आणि त्याच्यापुढची ओळ तिघांचीही कोरीच राहिली. तिघांनी एकमेकांचे कागद पाहिले. मग त्यांच्यातला ज्येष्ठ म्हणाला, "याला परत आत बोलवा. आपण त्याला काही विचारलेलंच नाही."